दोन फ्लोचार्ट, तीन याद्या: प्रक्रियेच्या आकृतीत नेमकं काय बदललं ते कसं शोधायचं

मी नागपूरजवळ काटोल रस्त्यावरच्या एका संत्रा पॅकहाउसमध्ये कागदपत्रांचं काम बघतो. बागेतून आलेली गाडी गेटवर लागल्यापासून पेट्या कोल्ड स्टोअरमध्ये जाईपर्यंत कोण काय करतं, याचा एक फ्लोचार्ट आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेला असतो. आंबिया बहाराची संत्री यायच्या आधी तो दरवर्षी सुधारतात. नवा आला की माझ्या टेबलावर एक चिठ्ठी पडते: "जुन्यात आणि नव्यात काय फरक आहे, लिहून द्या."

पहिल्या वर्षी मी दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या, चहा पिता पिता नजर फिरवली आणि पाच बदल लिहून दिले. सही झाली, नवा तक्ता भिंतीवर लागला. आठवडाभरात एक बागायतदार ऑफिसात आले आणि म्हणाले, "भाऊ, काटा पावती भेटली नाही मले." पावती देण्याची पायरी नव्या आकृतीत नव्हतीच आणि माझ्या यादीतही तिचा उल्लेख नव्हता. एकूण बदल नऊ होते, मी पाच पकडले होते.

त्यानंतर मी आकृत्यांची तुलना करणं सोडलं. आता आकृतीतून याद्या काढतो आणि याद्यांची तुलना करतो. तेच काम त्याच आकृत्यांवर खाली करून दाखवतो. तुमची प्रक्रिया वेगळी असेल, पण पद्धत हीच चालते.

## हाताशी काय हवं

- दोन्ही आवृत्त्यांच्या छापील प्रती, ए-थ्री आकारात. ए-फोरवर बाणांवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. मी बर्डीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणतो.
- मिळत असतील तर मूळ फाइली. नुसती पीडीएफ असली तरी काम होतं.
- दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक्सेल किंवा तसाच कोणताही तक्त्याचा प्रोग्राम.
- प्रक्रिया रोज करणाऱ्या एका माणसाची पंधरा मिनिटं. ही शेवटी लागतात, पण आधीच मागून ठेवा.

## १. "जुनी" म्हणजे कोणती, ते आधी ठरवा

हे क्षुल्लक वाटतं, पण निम्मा घोळ इथेच होतो. ईमेलमध्ये एक जुनी फाइल असते, पेनड्राइव्हवर दुसरी असते आणि भिंतीवर तिसरीच लागलेली असते. तुलना करायची ती सही झालेल्या शेवटच्या आवृत्तीशी. आवृत्ती क्रमांक, तारीख आणि सही तिन्ही बघा. मधल्या कच्च्या मसुद्याशी तुलना केली, तर मसुद्यात आधीच झालेले बदल यादीत येणारच नाहीत आणि सही करणाऱ्याला ते कधी कळणार नाहीत.

भिंतीवरची प्रत पेनाने दुरुस्त केलेली असेल, तर तिचा फोटो काढून ठेवा. ते बदल मंजूर नसतात, पण काम त्यांच्याप्रमाणे चाललेलं असतं. ते शेवटी विचारायच्या प्रश्नांत घ्या.

## २. जुन्या आकृतीच्या चौकटींना कोड द्या

जुनी प्रत समोर घ्या. प्रत्येक चौकटीला पेन्सिलने कोड द्या: प१, प२, प३. निर्णयाची जी शंकरपाळीच्या आकाराची खूण असते, तिलाही कोड द्या, कारण तीही एक पायरीच आहे. मग "जुन्या पायऱ्या" या शीटवर तीन रकाने भरा: कोड, पायरीचं नाव, जबाबदार. जबाबदार म्हणजे चौकट ज्या आडव्या पट्ट्यात काढली आहे, त्या पट्ट्याचं नाव.

आमची जुनी यादी अशी झाली. तिच्यातलं क्यूसी म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणारा विभाग:

| कोड | पायरी | जबाबदार |
|---|---|---|
| प१ | गाडीची नोंद | गेट कारकून |
| प२ | वजन करणे | गेट कारकून |
| प३ | काटा पावती देणे | गेट कारकून |
| प४ | नमुना तपासणी | क्यूसी |
| प५ | डागी फळं १० टक्क्यांहून जास्त? | क्यूसी |
| प६ | शेतकऱ्याला माल परत | गेट कारकून |
| प७ | हातनिवड | लाइन सुपरवायझर |
| प८ | धुणे व वाळवणे | लाइन सुपरवायझर |
| प९ | वॅक्सिंग | लाइन सुपरवायझर |
| प१० | साइज ग्रेडिंग | लाइन सुपरवायझर |
| प११ | पेटी भरणे | लाइन सुपरवायझर |
| प१२ | प्रीकूलिंग | कोल्ड स्टोअर |
| प१३ | साठवण | कोल्ड स्टोअर |

चौकट कोणत्या पट्ट्यात आहे हे दिसण्यावरून ठरवताना जरा थांबा. दोन पट्ट्यांच्या रेषेवर बसलेली चौकट हमखास सापडते. draw.io मधली मूळ फाइल असेल, तर `Extras` मधल्या `Edit Diagram` मध्ये चौकटीची नोंद अशी दिसते (इथे थोडी छाटली आहे):

```xml
<mxCell id="k11" value="पेटी भरणे" vertex="1" parent="lane3"/>
<mxCell id="e11" edge="1" source="k11" target="k12" parent="1"/>
```

पहिल्या ओळीत `parent` म्हणजे ती चौकट कोणत्या पट्ट्याची आहे ते. दुसरी ओळ बाणाची आहे: `source` पासून `target` पर्यंत. पण यावरही आंधळा विश्वास नको. चौकट चित्रात मुकादमाच्या पट्ट्यावर ठेवलेली दिसते, पण फाइलमध्ये जुन्याच पट्ट्याची राहिलेली असते, असं मी पाहिलं आहे. चित्र आणि फाइल यांत फरक दिसला तर वाचणारा चित्रच वाचणार, म्हणून यादीत चित्राप्रमाणे लिहा आणि आकृती काढणाऱ्याला कळवा.

मूळ फाइल आहे म्हणून दोन फाइलींचा मजकूर थेट ओळीशी ओळ लावून तपासायचा मोहही आवरा. एक चौकट जराशी सरकवली तरी तिचे आकडे बदलतात. सगळी आकृती नीटनेटकी केली असेल तर जवळजवळ प्रत्येक ओळ "बदललेली" दिसते आणि खरा बदल त्या ढिगात दडतो.

## ३. नव्या चौकटींना जुनेच कोड लावा

इथे यंत्र उपयोगाचं नाही, डोकं लागतं. नवी प्रत घ्या आणि प्रत्येक चौकटीला विचारा: हे काम जुन्या आकृतीत कुठे होतं? सापडलं तर तोच कोड. जागा बदलली, नाव बदललं, पट्टा बदलला, तरी काम तेच असेल तर कोड तोच राहतो. जुन्यात नसेल तर पुढचा मोकळा कोड.

नव्या आकृतीत "प्राथमिक निवड" अशी चौकट होती. जुन्यात ती नाही, पण जुन्यातली "हातनिवड" नव्यात नाही. लाइनवर जाऊन विचारलं. तेच टेबल, त्याच बाया, तेच काम. म्हणून तिला प७ दिला. नुसत्या नावावर गेलो असतो तर एक पायरी काढली आणि एक नवी आली असं लिहिलं असतं, आणि लाइनवाल्यांना वाटलं असतं की हातनिवड बंद झाली.

"धुणे व वाळवणे" ही एक चौकट नव्यात दोन झाली: "धुणे" आणि "वाळवणे". अशा वेळी कोड प८अ आणि प८आ. फळ ओलं असताना मेण नीट बसत नाही, त्यामुळे वाळवणं वेगळं तपासावं असं ठरलं होतं. उलट दोन चौकटी एक झाल्या असतील, तर दोन्ही कोड मिळून "प४+प५" असं लिहा. तुटलेली पायरी म्हणजे काढलेली पायरी नव्हे, हे यादीवरून कळलं पाहिजे.

"लॉट चिठ्ठी लावणे" जुन्यात कुठेच नव्हती, तिला प१४ दिला.

आणखी एक खोड आपल्या लिपीची. "शेतकऱ्याला" हा शब्द दोन माणसांनी दोन कीबोर्डवर टाइप केला, तर डोळ्यांना अगदी सारखा दिसतो, पण आत वेगळा असू शकतो. एकाने ऱ हे अक्षर वापरून लिहिलेला असतो, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. आम्हाला प६ चं नाव बदलल्यासारखं दाखवत होतं आणि दोन्हीकडे वाचावं तर तेच! `LEN` ने मोजलं तेव्हा एका शब्दाची लांबी १० आली, दुसऱ्याची ११. नाव असं फसवतं, म्हणून तुलना कोडवर करायची आणि नावातला फरक शेवटी वेगळा बघायचा.

नवी यादी अशी (आकृतीत दिसणाऱ्या क्रमाने):

| कोड | पायरी | जबाबदार |
|---|---|---|
| प१ | गाडीची नोंद | गेट कारकून |
| प४ | नमुना तपासणी | क्यूसी |
| प५ | डागी फळं ८ टक्क्यांहून जास्त? | क्यूसी |
| प६ | शेतकऱ्याला माल परत | क्यूसी |
| प२ | वजन करणे | गेट कारकून |
| प७ | प्राथमिक निवड | लाइन सुपरवायझर |
| प८अ | धुणे | लाइन सुपरवायझर |
| प८आ | वाळवणे | लाइन सुपरवायझर |
| प९ | वॅक्सिंग | लाइन सुपरवायझर |
| प१० | साइज ग्रेडिंग | लाइन सुपरवायझर |
| प११ | पेटी भरणे | पॅकिंग मुकादम |
| प१४ | लॉट चिठ्ठी लावणे | पॅकिंग मुकादम |
| प१२ | प्रीकूलिंग | शीतगृह |
| प१३ | साठवण | शीतगृह |

## ४. काय आलं, काय गेलं: टिक दोन्हीकडून

नव्या यादीतला प्रत्येक कोड जुन्यात आहे का, हे सगळेच बघतात. जुन्या यादीतला प्रत्येक कोड नव्यात आहे का, हे बघायचं राहतं. मी तिथेच फसलो होतो. समोर असलेली गोष्ट डोळा टिपतो, नसलेली टिपत नाही. वजनाची चौकट खाली सरकली हे मला दिसलं होतं, पण तिच्या शेपटीला असलेली पावती सोबत आली नाही, हे दिसलं नाही.

एक्सेलमध्ये जुन्या पायऱ्यांच्या शीटवर चौथ्या रकान्यात हे टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF('नव्या पायऱ्या'!A:A,A2)
```

जिथे ० येईल तो कोड नव्यात नाही. आमच्याकडे दोन शून्यं आली: प३ आणि प८. प८ तुटून दोन झाल्याचं आपल्याला माहीत आहे. उरला प३, म्हणजे काटा पावती. नव्या शीटवरून उलट सूत्र लावलं की प८अ, प८आ आणि प१४ यांच्यासमोर शून्य येतं. कागदावर करत असाल तर एका रंगाने जुन्याकडून टिक करा, दुसऱ्याने नव्याकडून. एकाच रंगाची किंवा अजिबात नसलेली टिक म्हणजे बदल.

## ५. क्रम: अनुक्रमांकावर जाऊ नका, बाणांवर जा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सावकाश.

क्रम तपासायचा म्हटलं की माणूस चौकटींवरचे १, २, ३ आकडे पडताळतो. आमच्या उदाहरणात ते करून बघू. काढलेली प३ आणि तुटलेली प८ सोडली, तर दोन्हीकडे सारख्या असलेल्या ११ पायऱ्या उरतात. त्यांपैकी ७ जणींचा क्रमांक बदललेला दिसतो: वजन दुसऱ्यावरून पाचव्यावर, तपासणी चौथ्यावरून दुसऱ्यावर, प्रीकूलिंग बाराव्यावरून तेराव्यावर, वगैरे. प्रत्यक्षात जागेवरून हलली आहे ती एकच पायरी, वजन. प्रीकूलिंग कुठेही गेलेलं नाही. त्याच्या आधी एक चिठ्ठी घुसली म्हणून आकडा एकाने वाढला. गंमत म्हणजे वॅक्सिंगचा क्रमांक दोन्हीकडे नऊच आहे, कारण वरती एक पायरी गेली आणि एका पायरीच्या दोन झाल्या. हिशेब जुळला आणि आकडा गप्प बसला. शिवाय निर्णयानंतर दोन वाटा फुटतात, तिथे पाचव्यानंतर सहावी कोणती हा प्रश्नच चुकीचा आहे.

म्हणून तिसरी यादी करायची, बाणांची. प्रत्येक बाणाची एक ओळ: कुठून, कुठे. तिसऱ्या रकान्यात दोन्ही जोडा आणि चौथ्यात तो बाण दुसऱ्या आवृत्तीत आहे का ते मोजा:

```
=A2&">"&B2
=COUNTIF('नवे बाण'!C:C,C2)
```

यादी करताना छापील प्रतीवर प्रत्येक बाणावर पेन्सिलची रेघ मारत जा, म्हणजे राहणार नाही. जुन्यात १२ बाण निघाले, नव्यात १३. निकाल असा:

- दोन्हीकडे आहेत: प४>प५, प५>प६, प९>प१०, प१०>प११, प१२>प१३
- फक्त जुन्यात: प१>प२, प२>प३, प३>प४, प५>प७, प७>प८, प८>प९, प११>प१२
- फक्त नव्यात: प१>प४, प५>प२, प२>प७, प७>प८अ, प८अ>प८आ, प८आ>प९, प११>प१४, प१४>प१२

सात बाण तुटले, आठ नवे जोडले. हे पंधरा बदल नव्हेत. आता त्यांची कारणं लावत जा आणि खोडत जा. जुन्यातले प७>प८ आणि प८>प९ तुटले आणि त्यांच्या जागी तीन नवे आले, ते प८ चे दोन तुकडे झाल्यामुळे. खोडा. प११>प१२ च्या जागी दोन आले, ते मध्ये चिठ्ठी घुसल्यामुळे. खोडा. म्हणजे येणं, जाणं आणि तुटणं यांनी ज्यांचं उत्तर मिळतं ते बाण क्रमबदलाचे नाहीत.

उरले जुन्यातले चार आणि नव्यातले तीन. प३ गेली असती आणि बाकी काही बदललं नसतं, तर प२>प४ असा एक नवा बाण दिसायला हवा होता. तो नाही. त्याऐवजी प१ थेट प४ ला जोडली आहे आणि प२ निर्णयाच्या "नाही" वाटेवर, प७ च्या आधी बसली आहे. हाच खरा क्रमबदल: वजन तपासणीच्या आधी होत होतं, आता माल पास झाल्यावर होणार.

हीच गोष्ट "तपासणी, निर्णय आणि माल परत या तीन पायऱ्या वर गेल्या" अशीही सांगता येते. दोन्ही वाक्यं खरी आहेत. जिच्यात कमी पायऱ्या हलवाव्या लागतात ती मांडणी लिहा, वाचणाऱ्याला ती लवकर कळते.

बाण तुटला की त्याच्यावरून जाणारा कागद कुठे गेला, हेही विचारा. पूर्वी परत जाणाऱ्या गाडीचंही वजन व्हायचं. आता परत जाणारी गाडी काट्यावर येणारच नाही, म्हणजे आमच्या महिन्याच्या तक्त्यातला "परत गेलेला माल, क्विंटल" हा रकाना रिकामा राहणार. हे आकृतीत कुठेही लिहिलेलं नव्हतं, ते नुसत्या प५>प२ या एका बाणावरून निघालं.

एक सापळा मूळ फाइलीतला. बाणाचं टोक चौकटीला टेकलेलं दिसतं पण चिकटलेलं नसतं. ओळखायचं कसं? चौकट जराशी ओढा. बाण सोबत आला तर चिकटलेला, जागीच राहिला तर नुसता टेकवलेला. अशा बाणाला फाइलमध्ये `source` किंवा `target` नसतं, त्यामुळे फाइलीतून यादी काढलीत तर तो बाण गायब होतो. म्हणून फाइलीतून काढलेल्या बाणांची संख्या छापील प्रतीवरच्या रेघांशी जुळवून बघाच.

## ६. जबाबदार कोण: आधी पट्टे जुळवा

चौकटींच्या आधी पट्ट्यांची नावं समोरासमोर ठेवा. आमच्या नव्या आकृतीत "कोल्ड स्टोअर" चं "शीतगृह" झालं होतं. माणसं तीच, फक्त कोणाला तरी मराठी शब्द आवडला. हे आधी लक्षात घेतलं नाही तर प्रीकूलिंग आणि साठवण दोन्हींचा जबाबदार बदलला असं निघतं. पट्ट्याचं नाव बदललं ही यादीत एकच ओळ, आणि तुलनेपुरतं दोन्हीकडे एकच नाव धरायचं.

मग जुन्या पायऱ्यांच्या शीटवर नवा जबाबदार शेजारी आणा:

```
=VLOOKUP(A2,'नव्या पायऱ्या'!A:C,3,FALSE)
```

प३ आणि प८ समोर `#N/A` येईल, ते अपेक्षितच आहे. प८ साठी दोन्ही तुकड्यांचे जबाबदार हाताने बघा. तुटलेल्या पायरीचा एक तुकडा गुपचूप दुसऱ्याच्या पट्ट्यात जातो, हे नेहमीचं आहे; आमच्याकडे दोन्ही तुकडे लाइन सुपरवायझरकडेच राहिले.

फरक दोन निघाले. पेटी भरणे लाइन सुपरवायझरकडून पॅकिंग मुकादमाकडे गेलं. हे मला पहिल्यांदाही दिसलं होतं, कारण मुकादमाचा पट्टाच नवा होता. दुसरा मात्र निसटला होता: माल परत करणं गेट कारकुनाकडून क्यूसीकडे गेलं. चौकट तीच, नाव तेच, निर्णयाच्या शेजारची जागाही तीच, फक्त ती एका पट्ट्याने सरकली होती. आकृती नव्याने मांडताना जरा खालीवर झालं असेल, असं मी तेव्हा धरलं. पण बागायतदाराला "तुमचा माल घेत नाही" हे तोंडावर सांगायचं काम कोणाचं, एवढा मोठा फरक त्या बोटभर अंतरात होता.

## ७. शंकरपाळीतला आणि बाणांवरचा मजकूर अक्षरशः वाचा

चौकट तीच, बाण तेच, जबाबदार तोच, तरीही प्रक्रिया बदललेली असू शकते. निर्णयाची अट शंकरपाळीत लिहिलेली असते. आमच्याकडे १० चे ८ झाले होते. एक आकडा. पण हजार किलोच्या गाडीत नव्वद किलो डागी फळं असतील, तर ती गाडी पूर्वी आत जायची, आता परत जाते.

यासाठी मी शंकरपाळ्या आणि त्यांतून निघणाऱ्या बाणांवरचे "हो", "नाही" मोठ्याने वाचतो, शेजारचा जुन्या प्रतीवर बोट ठेवून ऐकतो. "हो" आणि "नाही" यांची अदलाबदल झाली तर बाणांची यादी काहीच बोलत नाही, कारण बाण तेच असतात. हवं तर बाणांच्या यादीत पाचवा रकाना करून बाणावरचा शब्द लिहा आणि तोही जोडून तपासा.

## ८. बदलांची यादी लिहा

एका ओळीत एक बदल. "प्रक्रिया सुटसुटीत केली" असली वाक्यं नकोत.

| क्र. | कोड | प्रकार | जुनं | नवं |
|---|---|---|---|---|
| १ | प३ | पायरी काढली | काटा पावती देणे, गेट कारकून | नाही |
| २ | प१४ | नवी पायरी | नाही | लॉट चिठ्ठी लावणे, पॅकिंग मुकादम |
| ३ | प८ | पायरी तुटली | धुणे व वाळवणे | धुणे, वाळवणे |
| ४ | प२ | क्रम | नोंदीनंतर, तपासणीआधी | माल पास झाल्यावर, निवडीआधी |
| ५ | प६ | जबाबदार | गेट कारकून | क्यूसी |
| ६ | प११ | जबाबदार | लाइन सुपरवायझर | पॅकिंग मुकादम |
| ७ | प५ | अट | १० टक्के | ८ टक्के |
| ८ | प७ | फक्त नाव | हातनिवड | प्राथमिक निवड |
| ९ | पट्टा | फक्त नाव | कोल्ड स्टोअर | शीतगृह |

नुसत्या नावाचे बदल तळाशी ठेवा. ते वर आले की वाचणारा पहिल्या दोन ओळींतच कंटाळतो आणि सातव्या ओळीतला आकडा न वाचता सही करतो.

शेजारी एक रकाना रिकामा सोडा: "मुद्दाम / राहून गेलं". तो तुम्ही भरायचा नाही. बदल झाला एवढंच तुलना सांगते, तो हवा होता का हे सांगत नाही. ती पंधरा मिनिटं मागून ठेवलेल्या माणसासमोर यादी ठेवा आणि प्रत्येक ओळीला विचारा.

या पद्धतीला काय दिसत नाही तेही यादीखाली एका ओळीत लिहा. आमच्या क्यूसीने नमुन्यासाठी काढायच्या क्रेटची संख्या बदलली असती, तर ती कार्यपद्धतीच्या मजकुरात असते, आकृतीत फक्त "नमुना तपासणी" एवढंच. चौकटीच्या आतलं काम कसं करायचं, हे दोन आकृत्या कितीही ताडून बघितल्या तरी निघत नाही.

एवढ्या आकाराच्या आकृतीला मला दीड तास लागतो, त्यातला निम्मा कोड लावण्यात. साठ-सत्तर चौकटींची आकृती असेल तर ती शंकरपाळ्यांपाशी तोडून तुकड्यातुकड्याने घ्या, पण बाणांची यादी एकच ठेवा, नाहीतर दोन तुकड्यांमधला बाण कोणाच्याच यादीत येत नाही.

त्या वर्षीची यादी मी उशिरा का होईना, पुन्हा केली आणि गेटवरच्या कारकुनासमोर ठेवली. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "पावती कोण काढली? वजन खाली नेताना राहिली असंल." आकृती काढणाऱ्यालाही आठवेना. वजनाच्या चौकटीनंतर प३ पुन्हा घातली, प२>प३ हा बाण परत आला, प३>प७ असा एक नवा बाण जोडला, आणि त्या दिवशीच्या तारखेने आवृत्ती ४.१ भिंतीवर लागली.